लाल चौकटीतली गिरणी

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण सही अशी करतो की बँकेतला कारकून दोनदा बघतो. त्या सहीमुळंच मी पंच झालो. पोलिसांनी कुठं छापा घातला, काही जप्त केलं, की साक्षीला दोन माणसं लागतात. लोक पाठ फिरवतात. मी फिरवली नाय.

माझी पिठाची गिरणी मोठ्या रस्त्याला लागून, पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मागं गल्ल्यांचं जाळं, त्यांना ना नाव ना पाटी. हवालदार मटकेवाल्याला कॉलर धरून आणायचे, गिरणीच्या बाकड्यावर बसून पंचनामा लिहायचे. जागा काय लिहायची? "पिठाच्या गिरणीसमोर." दारू कुठल्याही बोळात सापडो, पत्ते कुठल्याही ओट्यावर रंगोत, कागदावर सगळं माझ्या गिरणीसमोर. त्यात मला वावगं वाटलं नाय. गिरणीवरून गल्ली ओळखली जाते म्हणून उलट बरंच वाटायचं.

मोहल्ला कमिटीच्या बैठकीत ठाण्याच्या साहेबांनी भिंतीवर शहराचा नकाशा दाखवला, तेव्हा मी पुढच्या खुर्चीवर होतो. आता संगणक सांगणार, गुन्हा कुठं होऊ शकतो. शहराच्या बारीक चौकटी पाडलेल्या. जिथं धोका जास्त, ती चौकट लाल. आमच्या भागात एकच चौकट गडद लाल होती, आणि तिच्या मधोमध माझी गिरणी.

खरं सांगतो, पहिल्यांदा छाती फुगली. सरकारच्या नकाशात गिरणी आली म्हणून शेजारच्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, "मामा, हे कौतुक नाय, हे जळतंय."

दुसऱ्या आठवड्यापासून पोलिसांची गाडी संध्याकाळी गिरणीसमोर थांबायला लागली. डबा घेऊन उभ्या बाईला काय विचारणार? मग माणसांना विचारायचे. शेंद्र्याच्या कंपनीतून सुटलेली पोरं दळण न्यायला थांबली की त्यांचे खिसे तपासायचे. कुणाकडं गुटख्याची पुडी, कुणाच्या गाडीचे कागद नाहीत. प्रत्येकाची नोंद. रस्त्याच्या पलीकडं बंगल्यांची कॉलनी आहे. तिथं दिवाळीत रात्रभर पत्ते चालतात, बाटल्या सकाळी कामवाल्या बाया गोळा करतात. तिकडं गाडी वळली नाय, मग नोंद कुठली? कॉलनी पांढरी.

माझा गडी सिल्लोडचा. मुसलमान, चाळिशीचा, माझ्याकडं मिसरूड फुटायच्या आधीपासून. गिरणीच्या दगडाला टाकी घालून धार लावावी तर त्यानंच. गिरणी बंद केल्यावर दारात बसून अंगाचं पीठ झटकायचा, एक बिडी ओढायचा. त्याला तिथं तीनदा उचलला. "अंधारात संशयास्पदरीत्या वावरताना मिळून आला." पांढऱ्याफटक तोंडानं लपणारा चोर मी तरी कधी पाहिला नाय. पण तीन नोंदी झाल्या आणि चॅप्टर केस लागली. म्हणजे गुन्हा करशील म्हणून आधीच हमी दे. हमी दिल्यावर पुन्हा सापडलास तर उरलेली मुदत जेलात.

मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो. धोतर परीटघडीचं नेसलो होतो. साहेबांपुढं तो संगणक बसवणाऱ्या कंपनीची पोरगी बसली होती, शिपायांना शिकवायला आलेली.

मी म्हणालो, "साहेब, यंत्र चुकतंय. गिरणीसमोर गुन्हे होत नाहीत."

साहेब हसले. "काका, यंत्राला जात नाय, धर्म नाय. त्याच्यात तो रकानाच नाय. माणसापेक्षा निष्पक्ष."

गडी खाली बघत पुटपुटला, "रकाना कशाला पायजे साहेब, पत्ता हाय ना."

पोरगी मात्र गप्प बसली नाय. मला म्हणाली, "आजोबा, त्याला गुन्हे दिसत नाहीत. नोंदवलेल्या केसेस दिसतात. मागच्या केसेसची जागा, वेळ, प्रकार यावरनं ते शिकतं. जिथं जास्त, तिथं गाडी पाठवतं. गाडीला तिथं जे सापडतं ते परत त्याच्यातच जातं."

"म्हंजी आपलंच दळण आपणच परत दळायचं."

"तसंच. म्हणून मी साहेबांना म्हणलं, गस्तीत सापडलेल्या बारक्या केसेस वगळू. लोकांनी स्वतः येऊन दिलेल्या चोरी-घरफोडीच्या तक्रारी धरू. त्यातही सगळे लोक तक्रार करत नाहीत, पण निदान हे फिरणं कमी होईल."

"आणि आमच्या कारवाईचा आकडा कुणी दाखवायचा?" साहेब म्हणाले.

मग तिनं माझी चौकट उघडली. जुने पंचनामे स्कॅन करून चढवलेले. एकाखाली एक गिरणीसमोर, गिरणीसमोर. आणि प्रत्येकाच्या बुडाशी माझी सही, शेपटी उडवलेली.

मी म्हणालो, "यातलं निम्मं मागच्या गल्ल्यांतलं आहे. हवालदार लोक जवळची खूण म्हणून गिरणी लिहायचे."

पोरगीनं पेन उचललं. "हे लेखी द्या आजोबा. त्या केसेसची जागा अनिश्चित धरायला लावते मी. चौकटीचा रंग उतरेल."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "द्या की. लिहा, की मी जागेवर नव्हतो आणि गिरणीत बसून सह्या केल्या. मग खोटा पंच म्हणून आधी तुमच्यावर केस. ज्यांना तेव्हा शिक्षा झाल्यात त्यांचे वकील पण येतील दारात. काय काका, किती वर्षं पंच होतात?"

कागद माझ्यापुढं सरकला. गडी माझ्याकडं बघत होता. त्यानं हात जोडले नाहीत. नुसता बघत होता.

मी म्हणालो, "माझी सही खोटी नाय."

कोरा कागद पोरगीनं परत घेतला. साहेब म्हणाले, "झालं तर मग," आणि गड्यापुढं हमीपत्र ठेवलं. जामीन मी राहिलो. तिथंही सही केली, तशीच.

बाहेर आल्यावर गडी एवढंच म्हणाला, "मालक, मेरे वास्ते नहीं, एक दफा सच के वास्ते तो लिखना था."

मी त्याला झापला. मला शिकवतो का म्हणालो. आजही म्हणतो, माझी सही खोटी नव्हती. मटका खराच सापडला होता, माणूस खराच होता. चार पावलं इकडं का तिकडं, एवढंच.

महिन्याभरात त्याला पुन्हा धरला. गिऱ्हाइकाचा डबा घरपोच द्यायला निघाला होता. डब्यात बाजरीचं पीठ. बोटं घालून बघितलं, काही निघालं नाय, पण जागा लाल, वेळ लाल, आणि हमीपत्र मोडलेलं. त्याला आत टाकला. बाया दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या. दारात कुणी उभं राहीना, मग गाडीला सापडणार कोण? पुढच्या बैठकीत आमची चौकट फिकी पडलेली दिसली. साहेबांनी सांगितलं, यंत्राचा गुण आला. टाळ्या पडल्या. पोरगी त्या बैठकीला नव्हती. तिच्या जागी कंपनीचा दुसराच माणूस नकाशा फिरवत होता.

मी गड्याला भेटायला गेलो. जाळीपलीकडं तो बारीक झाला होता. त्याला अंगावर पिठाचा कण नसलेला मी पहिल्यांदाच बघितला; चेहरा काळासावळा, अनोळखी. गिरणी विकणार नाय, तू सुटेस्तोवर मी स्वतः चालवतो, असं म्हणालो.

"चालवा," तो म्हणाला. "इथं बरंय मालक. इथं का उभा हायेस म्हणून कुणी विचारत नाय."

मग त्यानं शिपायाला हाक मारली आणि भेट संपली म्हणून सांगितलं. वेळ अजून शिल्लक होती.