चौथ्या पायरीवरची खाडाखोड

रुग्णालयाच्या आस्थापना विभागातले एक अधिकारी काटेकोरपणासाठी ख्यात होते. सारे त्यांना ‘तराजू’ म्हणत आणि ते नाव त्यांनी भूषणासारखे मिरवले होते. पदांची श्रेणी ठरवण्याचे काम त्यांच्याकडे आले, ते म्हणूनच.

पूर्वी समिती एकत्र बसून सगळी पदे प्रतिष्ठेच्या क्रमाने एकाखाली एक लावी. त्या उतरंडीत शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या मावशींचे पद तळाशी असे. आता गुणपद्धती आली होती. कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती हे चार घटक, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला ठरलेले गुण. बेरीज साडेचारशेला पोचली की वरची श्रेणी.

तराजूंनी मावशींना तासभर प्रश्न विचारले. निर्जंतुकीकरण पूर्ण झाल्याचे दाखवणाऱ्या पट्टीचा रंग नीट बदलला नाही तर त्या हत्यारांची अख्खी खेप परत वाफेत घालतात आणि सर्जन ओरडला तरी तोवर पेटी बाहेर सोडत नाहीत, हे ऐकून त्यांनी जबाबदारीची चौथी पायरी दिली. बेरीज झाली चारशे सत्तर. हेडक्लार्कची चारशे वीसच होती, आणि हेडक्लार्क तराजूंचा जुना सोबती. “गणित कुठेतरी चुकलं असणार,” असे मनाशी म्हणत त्यांनी चौथी पायरी खोडून तिसरी केली. साठ गुण गेले. चारशे दहा. जुना क्रम जसाच्या तसा राहिला.

श्रेणी जाहीर झाल्यावर मावशी तक्रार घेऊन आल्या. नियमानुसार त्यांना गुणपत्रक दाखवावे लागले.

“साहेब, हे खोडलंय कुणी?”

“मीच.”

“का? मी सांगितलेलं खोटं होतं?”

“नाही, मावशी.”

“मग बढाई वाटली होय! आमच्या हेडक्लार्कभाऊंची पेन्सिल मोडली तर कुणाला जंतुसंसर्ग होत नाही हो.”

विनोद तीक्ष्ण होता, पण तराजूंना हसू आले नाही. कानशिले तापली. पद्धत चुकली नव्हती. उत्तर आधीच ठरवून त्यांनी गणित वाकवले होते. ज्या पूर्वग्रहाच्या निरसनासाठी ही पद्धत रचली गेली, त्यालाच त्यांनी आकड्यांचे वस्त्र नेसवले होते. नजर टेबलावरून वर उचलवेना.

त्यांनी तिसरी पायरी खोडून चौथी लिहिली, शेजारी कारण लिहून सही केली. “हे आजच समितीपुढे ठेवतो. खोडल्याचंही सांगतो.”

मावशींनी आभार मानले नाहीत. गुणपत्रकांच्या गठ्ठ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “एवढंच एक खोडलंय का?”

तराजूंनी गठ्ठ्यातून धोबीखात्याचे, शवागाराचे आणि स्वयंपाकघराचे अशी आणखी तीन खोडलेली पत्रके काढून मावशींसमोर ठेवली.