दहा आकड्यांची जागा

माझा भाऊ इंग्लंडला गेला तेव्हा त्याची मुलगी दीड वर्षाची होती. ती सहा वर्षांची झाली आणि बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. तिथल्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी पोरगी गोंधळते. ‘दिवाळीपर्यंत बघतो, मग घरात मराठी बंद,’ असं त्यानं लिहिलं होतं. नगरजवळच्या आमच्या गावात मी बालवाडी चालवायची. गावभरच्या पोरांना बोलतं करणारी मी, आणि माझीच भाची मुकी राहणार? माझं डोकंच फिरलं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र दोनदा वाचायला लावलं. मग एवढंच म्हणाले, “म्हंजी ती हितं आली, तर माझ्याशी बोलनार कशी?”

भावानं मागच्या भेटीत सेलवर चालणारा कॅसेट रेकॉर्डर आणून दिला होता. वहिनी माझ्या बाजूची होती. पत्रापत्री करून आम्ही दोघींनी बेत ठरवला. मी दर आठवड्याला कॅसेट भरून पाठवायची, तिनं रोज जेवणानंतर त्यातला एक तुकडा लावायचा. सोमवारी गाणं, मंगळवारी गोष्ट, गुरुवारी लुटुपुटीचा बाजार. रविवारी तिथल्या आणखी दोन मराठी घरांतली मुलं जमवून सगळं पहिल्यापासून. प्रत्येक प्रश्नानंतर मी म्हणायची, “आता तू सांग. मी मनात दहा आकडे मोजते, तेवढा वेळ तुझा.” आणि गप्प बसायची.

वहिनी रविवारचा कार्यक्रम दुसऱ्या रेकॉर्डरवर टेप करून आम्हाला धाडायची. पहिल्या कॅसेटवर जमलेली चारही पोरं घसा फोडून गात होती, ‘रहाट फिरतो करकर करकर, घागर येते झरझर वरवर.’ गाणं मीच जुळवलेलं, त्यामुळे मी खूश. मग गोष्टीतला माझाच आवाज आला, “कोल्हा कुठे लपला? आता तू सांग.” त्यापुढे नुसती खरखर. “सांग ना गं,” वहिनी हळूच म्हणाली. पुन्हा खरखर. आबा मशीनला कान लावून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

पुढच्या तीन कॅसेटींवरही तेच. गाणी पाठ, बोलणं शून्य. चौथ्या वेळी मी वैतागून वहिनीला लिहिलं, की तुम्हीच लाडावून ठेवलंय. तिचं उत्तर शांत होतं. ‘ती मला इंग्रजीत विचारते, कोल्हा कुठे लपला हे आत्याला ठाऊक आहे, मग ती मला कशाला विचारते?’

हे मला झोंबलं. बालवाडीत इतकी वर्षं मी दुसरं काय करत आले होते? उत्तर पदरात घेऊन प्रश्न विचारायचे आणि पोरं बोलली की शाबासकी द्यायची.

त्या आठवड्यात मी गोष्ट सांगितलीच नाही. मशीन सुरू करून म्हटलं, “बाळा, गाण्यातली विहीर आपल्या मळ्यातली आहे. यंदा पाऊस नाही, ती कोरडी पडलीय. प्यायचं पाणी आम्ही लांबून डोक्यावर आणतो. तुमच्याकडे पाऊस कसा असतो गं? मला खरंच माहीत नाही.” या वेळी वीस मोजले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. आधी खाकरणं, मग बारीक आवाज. “इथे रोज पाऊस. बारीक. मला नाही आवडत. माझे मोजे ओले होतात.”

आबांनी मांडीवर थाप मारली. “म्हनावं, थोडा हिकडं धाड.” मी रडत होते आणि ते लपवायचंही मला सुचलं नाही. पुढच्या कॅसेटवर आबांचं वाक्य त्यांच्याच तोंडून भरलं.

त्यानंतर ती थोडं थोडं बोलू लागली, मोडकंतोडकं. पण दिवाळी जवळ येत चालली. भावाच्या पत्रांत त्या विषयावर एक अक्षर नव्हतं, आणि विचारायची मला भीती वाटत होती. दिवाळी उलटून गेल्यावर एक कॅसेट आली. आम्ही ओसरीवर ती लावली.

“आत्या, आज तू नको,” भाची म्हणाली. “आबा, विहिरीत पाणी आलं का? आता तुम्ही सांगा.”

आणि ती गप्प झाली. कान दिल्यावर कळलं, ती हळूहळू आकडे मोजत होती. एक, दोन, तीन.

आबांनी टोपी सारखी केली आणि मशीनजवळ वाकले. “न्हाई बाळा. आता फुडच्या पावसाळ्यात. तू कवा येनार?”

मशीनला ऐकू जात नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिकडे सहावर ती अडली. मागून एक पुरुषी आवाज हलकेच म्हणाला, “सात.” माझा भाऊ होता.

“सात,” ती म्हणाली, “आठ, नऊ, दहा.” मग थोडं थांबून, सगळं नीट ऐकून घेतल्यासारखं, “बरं, आबा.”