मी बंद केलेला बग

तिच्या बढतीसाठी मी लिहिलेलं पहिलं पत्र विभागप्रमुखांनी परत केलं.

"मेहनती, प्रामाणिक, सगळ्यांना सांभाळून घेणारी... मॅडम, अशी पत्रं सगळ्यांचीच येतात. त्यात ती मिटिंगमध्ये तोंड उघडत नाही. सिनियर टेस्टर कशी करायची?"

राग आला, पण पत्राबद्दल त्यांचं चुकलं नव्हतं. वाशीच्या आमच्या ऑफिसात न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. टेस्टिंगची मॅनेजर मी, आणि ती माझ्या टीममधली ज्युनियर, रोज नावड्याहून येणारी. त्या दुपारी मी डबा तसाच ठेवला आणि तिने नोंदवलेले बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, एकेक करून उघडले.

नेट मंद असताना 'सेव्ह' दोनदा दाबलं, की एकाच कंटेनरचे दोन गेटपास निघत. हे तिने यार्डात सॉफ्टवेअर जायच्या आधी पकडलं होतं.

दुसरा बग पाहून मी थांबले. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून हिशेब करून पडताळतात. हिशेबात दहा उरले तर तिथे शून्य धरायचं असतं. आमचं सॉफ्टवेअर असे बरोबर नंबरही नाकारत होतं. तिने ते नोंदवलं आणि 'नंबर चुकीचा टाकला आहे' असा शेरा मारून मीच ते बंद केलं होतं. तिचे वडील ट्रेलर चालवतात. त्यांच्याकडून तिने खऱ्या कंटेनरचे फोटो मागवले, हाताने हिशेब मांडला, सगळं जोडलं आणि बग पुन्हा उघडला. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

मी पत्र नव्याने लिहिलं. दोन्ही बग, त्यांचे नोंदणी क्रमांक, आणि माझी चूकही. शिवाय तिने सुरू केलेली अर्ध्या तासाची प्राथमिक तपासणी: सॉफ्टवेअरचं नवीन बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, या तपासणीत नापास झालं तर टेस्टिंग सुरूच करायचं नाही. त्यामुळे आमचे कितीतरी दिवस फुकट जायचे थांबले होते.

प्रमुखांनी पत्र दोनदा वाचलं. "तुमच्या चुकीचं वाक्य काढा. बढतीच्या कमिटीसमोर तुमचंच हसं होईल."

"होऊ दे, सर. ते काढलं तर तिने काय केलं ते कळणारच नाही."

कमिटीने मला बोलावलं. मिटिंगमधल्या गप्प बसण्याचा विषय निघालाच. मी म्हटलं, "बोलते कमी. पण मॅनेजरने बंद केलेला बग पुराव्यासकट उघडते. सिनियरकडून मला हेच हवंय."

पुढच्या महिन्यात बढती झाली. तिने पत्राची प्रत मागितली आणि माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचली.

"मॅडम, एवढं सगळं मी केलं होतं?"

"केलं होतंस," मी म्हटलं. "आता लिहून ठेवत जा. दर वेळी मी शोधत बसणार नाही."