ओव्हाळ सरांचे पावणेदोन लाख

चूक माझी होती. सर कोणालाही सांगताना 'आमची चूक' म्हणतात, पण त्यात त्यांचा वाटा एवढाच की त्यांनी मला नोकरीवर ठेवलं.

चाकणला हिंदुराव यांचं प्रेसशॉप आहे. पत्रा प्रेसखाली दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवतात. त्यांचा माल घेणारी मोठी कंपनी सात आठवड्यांनी कारखान्याच्या दर्जाचं ऑडिट करायला येणार होती. ऐंशीच्या खाली गुण पडले तर नवीन पार्टची ऑर्डर दुसऱ्याला. तयारीसाठी सल्लागार हवा होता, म्हणून आम्ही आर्थिक प्रस्ताव दिला. मी नेहमीप्रमाणे मागच्या ग्राहकाची फाईल उघडली, नाव बदललं, तारीख बदलली, तक्ता बदलला. सरांचे अठरा मॅन-डे, म्हणजे कामाचे दिवस, दर नऊ हजार. माझे चौदा, दर साडेतीन हजार (हा दर टाईप करताना मी जरा ताठ बसतो, त्यातलं मला किती मिळतं हा वेगळा विषय). प्रवास, छपाई, मापं घ्यायची गेज तपासणाऱ्या लॅबची फी हा खर्च बिलं दाखवून, चौदा हजारांपर्यंत. बेरीज सव्वादोन लाख. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत: 'एकूण देय रक्कम, खर्चासह, कोणत्याही परिस्थितीत १,७५,००० रुपयांपलीकडे जाणार नाही. जीएसटी वेगळा.'

हे पावणेदोन लाख मागच्या ग्राहकाचे होते. सरांनी तक्ता तपासला, बेरीज तपासली आणि शेवटचं पान नेहमीचंच म्हणून सही केली. चार दिवसांनी वर्क ऑर्डर आली. तीत कमाल रक्कम पावणेदोन लाख. मी ती दोनदा वाचली, मग पाणी प्यायलो, मग परत वाचली.

भीमराज ओव्हाळ हा माणूस पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं होता. निवृत्त झाल्यावर दिघीच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्यांनी ऑफिस थाटलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि मी. सरांच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नाच्या पंगतीतही असते. मी पाहिली आहे. शर्टाची इस्त्री अशी की ऑडिटर घाबरावा.

"सर, पन्नास हजारांचा घोळ झालाय," मी म्हणालो.

त्यांनी ऑर्डर वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तक्त्यात सव्वादोन आहे ना," मी घाईघाईने म्हणालो. "टायपिंगची चूक आहे म्हणून मेल टाकू. कोणीही मानेल."

"मानेल की. पण त्यांनी आपल्याला का निवडलं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी हिंदुरावांच्या पुतणीला, वर्षालीताईंना, फोन लावला. हिशेब त्याच बघतात. उत्तर ऐकून सरांनी फोन ठेवला.

"तीन प्रस्ताव आले होते. दुसऱ्याची मर्यादा एक लाख पंच्याण्णव हजार. आपण स्वस्त म्हणून आपण. आता सव्वादोन केले, तर तो बिचारा आपल्यापेक्षा स्वस्त असून घरी बसला, असं होईल. त्याच्या टायपिस्टने तरी काम नीट केलं होतं."

हे शेवटचं मला होतं. मी घेतलं.

"मग दर कमी करू," मी म्हणालो. "सात हजार लावा."

"दर नाही. आज सात लिहिले की चाकणभर सातच मागतील. दर म्हणजे एका दिवसाची किंमत, ती तीच राहते. दिवस कमी होतात का ते बघू. काम कमी न करता."

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकणला गेलो. सरांनी तक्ता आणि शेवटचं पान हिंदुरावांपुढे शेजारी शेजारी ठेवलं.

"आमची चूक आहे. मर्यादा पावणेदोनच राहील. पण अठरा आणि चौदा दिवस त्यात बसत नाहीत, हे तुम्हाला माहीत असायला हवं."

हिंदुराव जुन्या गावातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या पोराचं काम व्हय हे?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"मंग आता आमी वाढवून द्यायचं का?"

"न मागता कसं देणार," वर्षालीताई म्हणाल्या. "सर मागतच नाहीयेत, काका."

"तेच तर. न मागणाऱ्याची भीती वाटती मला."

सरांनी कागद काढला. प्रत्येक मशीनवर लावायच्या मराठी सूचना आणि तपासणीचे तक्ते मी बसून लिहिणार होतो. ते आता त्यांचेच दोन सुपरवायझर लिहितील, सर शिकवतील. सरांचे चौदा दिवस, माझे दहा. एक लाख एकसष्ट हजार, वर खर्चाचे चौदा हजार. बरोबर पावणेदोन लाख. बदललेला तक्ता प्रस्तावाला जोडला, दोघांनी सह्या केल्या.

"आमच्या पोरांना जमलं न्हाई तर?" हिंदुरावांनी विचारलं.

"तर आम्ही जादा दिवस येऊ. टाइमशीटवर ते दिवस लिहू आणि रकमेच्या जागी शून्य लिहू."

पुढचे सहा आठवडे मी या माणसाकडे बघत काढले. सुपरवायझरांपैकी बुद्धरत्न पहिल्या दिवशी म्हणाला, "सर, मला लिहायचा कंटाळा आहे." सरांनी त्याला प्रेसशेजारी उभं केलं, तो हाताने काय करतो ते बोलायला लावलं, आणि बोललेलं तसंच लिहून त्याच्या हातात दिलं. "हे तूच लिहिलंस. आता उरलेली अकरा मशीन्स." चौथ्या दिवशी बुद्धरत्न माझ्या वाक्यांत चुका काढायला लागला. त्या बहुतेक बरोबर होत्या.

रोज संध्याकाळी सर टाइमशीटवर वर्षालीताईंची सही घेत. अर्धा दिवस तर अर्धाच. दिघीहून येण्याजाण्याचा वेळ दिवसात धरत नसत. लॅबचं बिल लॅबच्या दरात, त्यावर एक रुपया चढवलेला नाही. चहाचं बिल मी एकदा खर्चात लावायला गेलो, तर म्हणाले, "चहा आपण घरीही पितो."

शेवटी माझे दोन दिवस जादा लागले, कारण एका तक्त्यात गेजचे नंबर मीच उलटे घातले होते. टाइमशीटवर ते दोन दिवस आले, समोर दोन शून्यं. मला पगार पूर्ण मिळाला.

ऑडिटला सत्त्याऐंशी गुण पडले. ऑडिटरने मशीनवरच्या सूचना कोणी लिहिल्या विचारलं, तेव्हा बुद्धरत्नने छाती पुढे काढून पंधरा मिनिटं उत्तर दिलं. ऑर्डर हिंदुरावांकडेच राहिली.

मग मी बिल केलं. या वेळी सरांनी शेवटचं पान आधी वाचलं. दिवसांचे एक लाख एकसष्ट हजार. खर्च मात्र चौदा हजार तीनशे चाळीस झाला होता. एक गेज लॅबमध्ये दुसऱ्यांदा न्यावं लागलं. सरांनी सगळ्या पावत्या जोडल्या आणि खाली लिहिलं: 'मर्यादेपलीकडील रु. ३४० आकारलेले नाहीत.'

वर्षालीताईंनी आठ दिवसांत चेक काढला. तो घ्यायला गेलो तेव्हा हिंदुरावांनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले.

"तीनशे चाळीस. घ्या."

"मर्यादा पावणेदोनची होती, साहेब. वाढवायची तर खर्च करण्याआधी लेखी लागतं."

"अवो, मी देतोय ना हातानं."

"आधी लेखी लागतं," सर परत म्हणाले आणि चेक घडी न घालता फाईलमध्ये ठेवला.

"हा माणूस मला कर्जात ठेवतोय बघ," हिंदुराव पुतणीला म्हणाले. "उभ्या जन्मात कुणाचं ठेवलं न्हाई मी."

वर्षालीताईंनी ते पैसे एका पाकिटात घातले, वर 'ओव्हाळ सर' लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मागच्या महिन्यात एक कागद द्यायला गेलो, तेव्हा ते तिथेच होतं. मी न्यायला तयार होतो. त्या म्हणाल्या, तुमच्या हातात नको, वाटेत आकडा बदलेल.