पासपोर्ट परत द्या

देवासला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी घरात बोलण्यापुरती. त्यामुळे इथे लिहिताना हिंदी मधे येईल, ते चालवून घ्या.

आमचे हे वेल्डर. इथल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करायचे. आठवीत शाळा सुटली, पण हात असा की वेल्ड केलेली जागा बोट फिरवूनही समजत नाही. एक दिवस घरी आले ते हसतच. "धारला एक भिया भेटले. दुबईला वेल्डर हवेत. पासपोर्ट देऊन आलो त्यांच्याकडे." भिया म्हणजे आमच्याकडचं भैया.

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "पासपोर्ट देऊन आलात? कोणाला?"

"अगं, ऑफिस आहे त्यांचं मुंबईला. सगळ्यांनीच दिले."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओटीवर बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, चांगल्या कामात आधीच खोट काढू नये." मी ह्यांच्या मोबाईलवर आलेलं ऑफर लेटर मात्र स्वतःकडे पाठवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ते मोठं करून पाहिलं. कंपनीचं नाव मोठं, शिक्का गोल आणि निळा. पण उत्तर पाठवायचा ईमेल कोणीही फुकट उघडू शकतो तसला. ह्यांचं नाव चुकलेलं. पगार लिहिलेला, पण काम किती तास, राहायचं कुठे, करार किती वर्षांचा, काही नाही. मग कंपनीची खरी वेबसाइट शोधली. पत्रावरचा पत्ता वापरायचा नाही, हे मला पक्कं कळत होतं. चोराला विचारलं तर चोर काय सांगणार? वेबसाइटवरच्या पत्त्यावर मी पत्र जोडून विचारलं. माझी इंग्रजी मोडकी, पण तीन ओळी जमल्या.

धारच्या त्या माणसाने ह्यांना आपलं कार्ड दिलं होतं, त्यावर लायसन्स नंबरही छापला होता. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं आणि त्यांची यादी सरकारी पोर्टलवर असते. मी नंबर टाकला. नंबर खरा निघाला! लायसन्स चालू होतं, मुंबईच्या एका एजन्सीचं. क्षणभर मलाच माझी लाज वाटली. मग सुचलं, नंबर खरा असला तरी माणूस त्यांचाच कशावरून? पोर्टलवर त्या एजन्सीचा जो फोन होता, त्यावर लावला. कार्डावरचा नाही.

पलीकडच्या बाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हा आमचा माणूस नाही. धारला आमचं काहीच नाही. आम्हाला असे सब-एजंट ठेवता येत नाहीत. तुम्ही पोलिसांत सांगा."

तिसऱ्या दिवशी कंपनीचंही उत्तर आलं. वेल्डरची अशी भरतीच नाही, पत्र आमचं नाही.

कंपनीचं उत्तर आणि पोर्टलवरचं एजन्सीचं पान, दोन्ही कागद छापून मी ह्यांच्यापुढे ठेवले आणि फोनवरचं बोलणंही सांगितलं. हे चिडले. माझ्यावर. "तुला वाटतं मी जन्मभर ठेकेदाराच्याच शिव्या खाव्यात." मी म्हटलं, "जा की दुबईला. पण माणसासारखे जा."

रविवारी धारला बस स्टँडजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्या एजंटची मीटिंग होती. हे म्हणाले, "तू येऊ नकोस." मी गेले.

हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, बरीचशी पीथमपूरच्या कारखान्यांतली, एक-दोन सोनकच्छकडची. बाई मी एकटीच. एजंट गोरापान, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. "सीट थोड़ी हैं भिया. आज ज्याने रक्कम भरली त्याचा वीज़ा पक्का. अभी विज़िट वीज़ा पर जाओगे, वहाँ पहुँचके वर्क में बदल देंगे. एअरपोर्टवर कोणी विचारलं तर सांगायचं, भावाकडे फिरायला चाललोय."

मी उभी राहिले.

"नोकरीला चाललेल्या माणसाने खोटं का सांगायचं?"

तो हसला. "दीदी, आपको समझेगा नहीं, ये टेक्निकल मैटर है."

"समजतं मला. माझ्या नवऱ्याचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. दहावी झाली नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद आहे. अशा माणसाला तिकडे नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. फिरायच्या वीज़ावर ती लागत नाही, म्हणून तुम्ही फिरायला पाठवताय. तिकडे पोहोचल्यावर करार नाही, मंजुरी नाही, मग हे कोणाकडे दाद मागणार?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, इनको बाहर बिठाओ, हमारा काम ख़राब कर रही हैं." ते मला फार लागलं. एजंटचं बोलणं नाही लागलं तेवढं ते लागलं.

मी दोन्ही कागद वर धरले. "तुमच्या कार्डावरच्या लायसन्सवाल्यांशी बोलले मी. ते तुम्हाला ओळखत नाहीत. इथेच, सगळ्यांसमोर त्यांना फोन लावा. नंबर कार्डावरून नाही, सरकारी पोर्टलवरून."

"आज संडे है, ऑफिस बंद है."

"मग पासपोर्ट परत द्या. उद्या ऑफिस उघडल्यावर बघू."

तो म्हणाला, पासपोर्ट मुंबईला गेलेत. तेव्हा आमचे हे उठले. आतापर्यंत मान खाली घालून बसले होते. टेबलापाशी गेले, त्याच्या बॅगेवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "भिया, बॅग खोलो." पीथमपुरातले दोघे त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. बॅगेत पासपोर्टांचा गठ्ठा होता, रबर लावलेला.

त्या दिवशी ह्यांच्यासकट अकरा जणांनी आपले पासपोर्ट परत घेतले. बाकीच्यांनी नाही घेतले. काहींनी तिथेच पैसे भरले, पावती न मागता, कोणा बाईच्या खात्यावर. मी त्यांना थांबवू शकले नाही.

संध्याकाळी आम्ही धारच्या ठाण्यात अर्ज दिला, पत्र आणि कार्डाचे फोटो जोडून. दोन दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. "दीदी, दुकान कहाँ है आपका, मुझे पता है."

मी म्हटलं, "चांगलंय. दहाला उघडते. येताना लायसन्स घेऊन या." आणि तो नंबरही ठाण्यात देऊन आले.

तो आला नाही. महिन्याभरात त्याचा फोन बंद झाला. पैसे भरलेल्यांपैकी दोघे खरंच दुबईला पोहोचले आणि एका खोलीत वीस जणांत झोपून, वीज़ा संपायच्या आत घरच्यांनी तिकीट पाठवल्यावर परतले. त्यांच्यातला एक हॉलमध्ये माझ्यावर ओरडलेलाच होता. तो दुकानात आला, बसला. मी चहा मागवला. मग त्याच्या जबानीचा कागद टाइप करून दिला, तक्रारीला जोडायला.

हे पुढच्या वर्षी मस्कतला गेले. लायसन्सच्या एजन्सीतून, इंटरव्ह्यू देऊन, पावती घेऊन. करार हिंदीत समजावून घेतला, मगच सही केली. नोकरीचा वीज़ा आणि सरकारची मंजुरी हातात आल्यावरच तिकीट काढलं. जायच्या दिवशी मामंजींनी मला बाजूला बोलावलं आणि विचारलं, "सगळं तपासलंस ना, सूनबाई?"

"दोनदा," मी म्हटलं.