जेवणाची ताटं आणि दोन्ही घरं

माझं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांनी एकच शब्द वापरला होता, निम्मं-निम्मं. मला तो पुरेसा वाटला. मी ऐरोलीत एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते, म्हणजे मला तरी तो अपुरा वाटायला हवा होता.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा रिटायर झालेले, जमा रक्कम मोजकी. सासर तळवलीचं, तिथलं मूळ गावकरी घर. भाताची शेती गेली आणि त्या जागी चाळी नि दुकानांचे गाळे आले. त्यांच्याकडे हळद म्हणजे सगळ्या गावाचं जेवण. ती हळद त्यांची, खर्चही त्यांचा, यावर कोणाचाच वाद नव्हता. वाद होता लग्नाच्या दुपारच्या जेवणाचा.

घणसोलीच्या हॉलचं भाडं आणि डेकोरेशन निम्मं-निम्मं ठरलं. केटरर पाचशे रुपये ताट म्हणाला आणि त्याला गॅरंटीचा आकडा हवा होता. त्या आकड्यापेक्षा कमी माणसं जेवली तरी तेवढे पैसे द्यायचेच, जास्त जेवली तर वरच्या ताटांचे वेगळे. आमची दोनशे माणसं होती, त्यांची चारशे.

"मग ताटंही निम्मी-निम्मी," सासरे म्हणाले.

"दोनशे माणसं आमची आणि पैसे तीनशेचे भरायचे?" बाबांनी विचारलं. "ज्याची माणसं, त्याचं ताट."

"व्याही, मी यादी कापू कोनाची? ज्यांच्याकडं आजपावेतो जेवून आलोय, त्यांना नको येऊ म्हनू?"

सासरे खोटं बोलत नव्हते. बाबाही नव्हते. तासाभराने ज्याची माणसं त्याचं ताट, हेच ठरलं. मी सुचवलं की दोन रंगांची कूपनं छापू, म्हणजे कोणाची किती माणसं जेवली ते कळेल. सासूबाई एकदम म्हणाल्या, "लग्नात कूपन? लोकं तोंडात शेन घालतील." माझ्या आईनेही मान डोलावली. त्या दिवशी दोघींचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

पुढचे आठवडे मी फोन घेत राहिले. मानपानाच्या साड्या किती, फोटोवाला एक की दोन, नवरदेवाच्या घोड्याचे पैसे कोणाचे. मी प्रत्येकाला "बघते" म्हणत होते. माझा होणारा नवरा विचारायचा, "टेन्शन आलंय का?" मी नाही म्हणायचे, आणि खरंच नव्हतं आलं. काहीच येत नव्हतं. अक्षता पडल्या तेव्हासुद्धा मी समोरच्या पंख्याकडे बघत होते.

जेवणं संपली. केटररच्या माणसाने वापरलेली ताटं मोजली. सातशे वीस. गॅरंटी सहाशेची. एकशे वीस ताटांचे साठ हजार आत्ताच द्या, म्हणाला, भांडी टेम्पोत चढायच्या आधी.

हॉलच्या ऑफिसमध्ये मी शालू नेसून उभी होते.

"आमची दोनशेच होती, मी दारात उभा होतो," बाबा म्हणाले.

"म्हंजे आमी खोटं बोलतो?" सासऱ्यांचा आवाज चढला. "तुमच्या सोसायटीतली मानसं काय उपाशी गेली?"

नवरा म्हणाला, "मी देतो." सासरे म्हणाले, "तू हात लावायचा नाय. पैशाचा प्रश्न नाय, शब्दाचा हाय."

बाबा खिशातून चेकबुक काढत होते. मी पर्समधून फोन काढला. मेंदीमुळे अंगठ्याचा ठसा लागेना, म्हणून पिन टाकला आणि साठ हजार पाठवले. केटररच्या फोनने रक्कम मोठ्याने वाचून दाखवली. भांडी टेम्पोत चढू लागली. पाठवणीला आई ढसाढसा रडली, मावशी रडली. मला कोणीतरी हळूच म्हणालं, थोडं तरी रड. जमलं नाही.

सत्यनारायणाच्या पूजेनंतर सासऱ्यांनी माझ्या हातात तीस हजार ठेवले. "निम्मे आमचे. बापाचे त्याच्याकडून घे."

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "निम्मे कबूल केले ना? मग जादाची सगळी ताटं त्यांचीच होती." आणि आठवड्याभरात त्यांनीही तीस हजार माझ्या खात्यात टाकले. मी परत पाठवले, त्यांनी पुन्हा पाठवले. मग मी राहू दिले. माझे पैसे मला मिळाले. दोघे मात्र एकमेकांशी बोलले नाहीत.

दिवाळीत बाबा फराळ घेऊन पहिल्यांदा माझ्या सासरी आले. सासरे खुर्ची सरकवून म्हणाले, "बसा." गाडी कुठे लावली, विचारलं. बाबांनी सांगितलं. "तिथं नका लावू, उचलून नेतात," म्हणत सासरे चप्पल घालून त्यांच्यासोबत खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. बाबा गाडी मागे घेत होते आणि सासरे हाताने दाखवत होते, अजून, अजून. मी चहाचं पाणी वाढवलं.