खजुरातली गोळी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही होतील, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पेन पुढे जात नाही.

मस्कतला ताईंच्या घरी मी स्वयंपाकाला आहे. त्यांच्या तपकिरी कुत्रीला खायला मीच घालायची. ताईंचा मुलगा म्हणायचा, "मावशी, तिला माझ्यापेक्षा जास्त मराठी येतं." ते खरंच होतं.

गावाहून येताना मी बॅगेत गोळ्या आणते. इथे दवाखाना महाग, म्हणून आम्ही सगळ्याच जणी आणतो. त्यात जुलाब थांबवायच्या सल्फाच्या गोळ्यांची पाकिटं होती. कुत्रीचं पोट बिघडलं तेव्हा मी अर्धी गोळी खजुरात घालून द्यायला लागले. माणसाला चालते ती तिलाही चालेल, असं मला वाटलं.

आठवड्याभराने तिच्या पोटावर लाल ठिपके दिसले. हिरड्यांवरही होते. नाकातून रक्त आलं तशी ताईंनी गाडी काढली. मी मागे तिला मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टर केरळचे होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे. तिथलं रक्त थांबणार नाही म्हणून त्यांनी मानेला सुई लावली नाही. पायातून थोडं रक्त घेतलं आणि त्या जागी मला बराच वेळ बोट दाबून धरायला सांगितलं. मशीनने प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, तीन हजार दाखवल्या. दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात, असं ते म्हणाले. पण नुसत्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या, तर मशीन चुकून कमी मोजतं. म्हणून त्यांनी काचेवर रक्त पसरून दुर्बिणीतून पाहिलं. गुठळ्या नव्हत्या. प्लेटलेटच नव्हत्या.

मग एकेक कारण बाजूला काढणं सुरू झालं. गोचिडीच्या तापाची तपासणी तिथेच केली, त्यात काही निघालं नाही. तरी रक्त मोठ्या लॅबला पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत त्या तापाचं औषध चालू ठेवलं. उंदीर मारायच्या विषाने रक्त गोठत नाही, तेही तपासलं. छातीचा फोटो झाला, पोटाची सोनोग्राफी झाली, कुठे गाठ नव्हती.

शेवटी त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात काही औषध दिलं होतं का? ताई नाही म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुम्ही काही दिलंत?"

खोलीत डॉक्टरांचा मदतनीस धरून चार माणसं होती. मी मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी समजावलं, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट परक्या समजून मारतंय. त्याला आवरायला स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायच्या. प्लेटलेट लवकर वाढाव्यात म्हणून शिरेतून एक इंजेक्शन. सुधारली नाही तर दुसरं औषध जोडायचं. सुधारली तर गोळ्या काही महिने हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत. तिने उड्या मारायच्या नाहीत, मऊ खायचं.

घरी तिची शी काळी आणि पातळ होत होती. मला वाटलं, पोट अजून बिघडलेलंच आहे. मी खजूर चालूच ठेवला. ते काळं म्हणजे आतलं रक्त, हे मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी आकडा पाच हजार. डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, थोडं तरी वर यायला हवं होतं. कुत्री माझा हात चाटत होती. मी पदराची गाठ सोडली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"मी दिली. कालपण दिली."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. रागावले नाहीत. या गोळीनेही काही कुत्र्यांच्या प्लेटलेट अशाच मारल्या जातात, आजपासून बंद, एवढंच म्हणाले आणि कागदावर लिहून घेतलं. दुसरं औषध त्याच दिवशी सुरू केलं. रक्तही चढवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातच गेली. पोटात फार रक्तस्राव झाला होता. लॅबचं उत्तर त्यानंतर आलं, गोचिडीचा ताप नव्हता.

मी डॉक्टरांना एकदाच विचारलं, आधी सांगितलं असतं तर? ते म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही. गोळी न देताही अशी काही कुत्री जातात." मला ते पुरलं नाही.

ताईंना म्हटलं, रक्ताचा आणि शेवटच्या तीन दिवसांचा खर्च माझ्या पगारातून कापा. त्या बराच वेळ नको म्हणत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नाही घेतलंत तर मला तुमच्या घरात जेवण जाणार नाही." मग त्या तयार झाल्या. दर महिन्याला दहा रियाल कापू लागल्या. बॅगेतल्या बाकीच्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या.

काल ताईंनी पगार हातात दिला, तो दहा रियालांनी जास्त वाटला. मी परत करायला गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, फिटलं सगळं. गेल्या महिन्यातच."